हलवा, हलवाव्यात आणि ठेव

पत्र:

"मी सांगलीत नदीपासून जवळच असलेल्या एका सोसायटीची सचिव आहे. गेल्या पावसाळ्यात पाणी चढायला लागलं तेव्हा ग्रुपवर हा मेसेज टाकला:

'सर्व सभासदांना कळविण्यात येते की आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ३८ फुटांवर पोहोचली आहे. पार्किंगमधल्या गाड्या आज रात्रीपर्यंत हलवा. आपण सर्वांनी खबरदारी घ्यावी. मागच्या वेळी काय झालं ते माहितीये ना सगळ्यांना? ज्यांची गाडी राहील त्याची जबाबदारी सोसायटीची राहणार नाही. लाइट पण जाऊ शकते तरी मोबाइल चार्ज करून ठेव. वरच्या मजल्यावरच्यांनी खालच्यांना जरा मदत करा हं. सहकार्य अपेक्षित. – सचिव'

घाईत होते. सुरुवात जुन्या नोटिशीतली, मोबाइलची ओळ मुलाला लिहिलेल्या मेसेजमधून उचललेली, बाकी माझं. दुसऱ्या मजल्यावरचे एक काका 'मला अरे-तुरे करता?' म्हणून आठ दिवस बोलले नाहीत. एकाने गाडी हलवलीच नाही. म्हणाला, 'मला वाटलं तुमच्या गप्पा चालल्यात.' चूक नंतर दिसते, पाठवायच्या आधी का दिसत नाही? आणि ती दुरुस्त कशी करायची?"

ताई,

पाठवायच्या आधी आपण मेसेज वाचतो तो माहिती तपासायला. फूट बरोबर आहेत का, गाड्यांचं आलं का, लाइटचं राहिलं का, एवढंच डोळा बघतो. आणि एकेक वाक्य वेगळं काढून पाहिलं तर त्यात चूक नसतेच. 'कळविण्यात येते' नोटिशीत बरोबर आहे, 'ठेव' मुलाला बरोबर आहे. बिघाड आहे तो एका वाक्यातून पुढच्या वाक्यात जाताना, आणि तिथे आपण थांबत नाही.

मी बरीच वर्षं छापखान्यात प्रुफं वाचली. लग्नपत्रिका, सभेच्या नोटिशी, दशक्रियेची पत्रं, सगळं. तिथे मला एका जुन्या माणसाने शिकवलेली गोष्ट तुम्हाला सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तीच आहे. मराठीत माणसाचा मान वाक्याच्या शेपटाला असतो. समोरच्याला आपण कुठे बसवलं, हे क्रियापद सांगतं, आणि ते बहुतेक वेळा शेवटी येतं. म्हणून मजकूर पूर्ण वाचायचाच नाही. प्रत्येक वाक्याचा फक्त शेवट वाचत वरून खाली यायचं.

तुमच्या मेसेजचं तसं करू. कळविण्यात येते. पोहोचली आहे. हलवा. घ्यावी. माहितीये ना. राहणार नाही. ठेव. करा हं. अपेक्षित.

यातले 'पोहोचली आहे' आणि 'राहणार नाही' सोडून द्या. ती नुसती माहिती सांगणारी वाक्यं आहेत. अशी वाक्यं नोटिशीतही चालतात आणि गप्पांतही, त्यांना सूर नसतो. उरलेल्या प्रत्येकापुढे एकच प्रश्न विचारायचा: हे म्हणताना माझ्यासमोर कोण उभं आहे? 'कळविण्यात येते' म्हणताना कुणीच नाही, तो फलकावरचा कागद आहे. 'हलवा' म्हणताना समोर 'तुम्ही' आहेत. 'घ्यावी' म्हणताना जरा अंतरावरचे 'आपण' आहेत. 'माहितीये ना' म्हणताना जिन्यात भेटलेली शेजारीण. 'ठेव' म्हणताना तुमचा मुलगा. 'करा हं' म्हणताना पुन्हा शेजारी, पण आता समजूत घालायच्या आवाजात. आठ-नऊ ओळींत पाच-सहा वेगळी माणसं समोर येऊन गेली. वाचणारा मात्र एकच आहे, आणि त्याला प्रत्येक ओळीला खुर्ची बदलावी लागली. काका नेमके मुलाच्या खुर्चीत अडकले. गाडीवाले गृहस्थ 'माहितीये ना'पाशी आले आणि त्यांनी ठरवलं की ही सूचना नाही, बोलणं आहे. सूचना असली तर ती आपल्याला बांधते, बोलणं असलं तर ऐकून सोडता येतं. तुमच्या मेसेजने त्यांना दोन्हीतलं निवडायला वाव दिला.

आता दुरुस्ती. ती करायची तर आज्ञा देण्याच्या पायऱ्या डोळ्यांसमोर हव्यात. 'ठेव' ही घरातली. 'ठेवा' ही मानाची, पण समोरासमोरची. 'ठेवावा' ही अंतर राखून केलेली विनंती. 'ठेवणे' किंवा 'ठेविणे' ही कचेरीतल्या वरच्याने खालच्याला लिहायची, सोसायटीत ती हुकूम वाटते. आणि 'ठेवण्यात यावा' यात तर करणारा माणूसच नाहीसा होतो. एका मेसेजला यांतली एक पायरी पुरते. दोन चालत नाहीत असं नाही, पण दुसरीवर का गेलो याचं कारण वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे.

पायरी बदलताना बहुतेकांचा पाय घसरतो तो इथे. 'हलवा'चं 'हलवावे' केलं की काम झालं असं वाटतं. होत नाही. 'वा'वाल्या रूपात क्रियापद माणसाकडे बघतं: तुम्ही गाड्या हलवा, तुम्ही मोबाइल ठेवा, तुम्ही खबरदारी घ्या. 'वे'वाल्या रूपात ते वस्तूकडे बघतं: गाड्या हलवाव्यात, मोबाइल ठेवावा, सामान हलवावे, खबरदारी घ्यावी. आणि माणसाला 'नी' लागतो: सभासदांनी गाड्या हलवाव्यात. म्हणजे शेपूट बदललं की वाक्याचं तोंडही बदलावं लागतं. 'सभासदांनी गाड्या हलवावे' असं वाचलंत की समजा, कुणीतरी 'हलवा'वर घाईने औपचारिकपणाचा सदरा चढवला आणि बटणं चुकवली.

तुमच्या शेवटून दुसऱ्या वाक्यात हाच प्रकार आहे, उलट्या बाजूने. 'वरच्या मजल्यावरच्यांनी' हे तोंड 'करावी'चं आहे आणि पुढे आलं 'करा'. बोलताना आपण हे सर्रास करतो. 'सगळ्यांनी हात धुवा', 'मुलांनी रांगेत उभे राहा' हे ऐकताना कुणाच्या कानाला खटकत नाही, आणि मी बोलण्यात ते चूक म्हणणार नाही. पण सूचनेत, वरची वाक्यं एकदा 'घ्यावी'ने संपलेली असताना, हा सांधा उघडा पडतो. 'वरच्या मजल्यावरच्यांनी मदत करावी' किंवा 'वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनो, मदत करा'. यांतलं कुठलंही घ्या, पण अर्धं-अर्धं नको.

'आपण'बद्दल थोडं जास्त सांगतो, कारण हा शब्द मराठीत दोन नोकऱ्या करतो. 'आपण रविवारी नदीवर जाऊ' यातला 'आपण' म्हणजे तुम्ही आणि मी. 'आपण रविवारी यावे' यातला 'आपण' म्हणजे फक्त तुम्ही, मानाने. तुमच्या 'आपण सर्वांनी खबरदारी घ्यावी' यात वाचणाऱ्याला दोन्ही वाचता येतात. कुणाला वाटेल सचिवबाई आपल्यालाही धरून बोलताहेत, कुणाला वाटेल मला उद्देशून विनंती आहे. वर 'हलवा' आहे म्हणजे 'तुम्ही' आधीच येऊन बसलेत. त्यांच्या शेजारी हे मानाचे 'आपण' आणून बसवले की एकाच माणसाला दोन नावांनी हाक मारल्यासारखं होतं. मेसेजमध्ये 'तुम्ही' असतील तर मानाचं 'आपण' काढून टाका.

पण इथे एक सांभाळा. 'तुम्ही आपली गाडी हलवा' यातला 'आपली' हा घोटाळा नाही. तो 'स्वतःची' या अर्थाचा आहे आणि तो तू, तुम्ही, मी, ते, सगळ्यांबरोबर चालतो: तू आपलं काम कर, त्यांनी आपलं काम केलं. नव्याने दुरुस्ती शिकलेली माणसं हा 'आपली' दिसला की लाल शाई लावतात. ती लावू नका.

'ज्यांची गाडी राहील त्याची जबाबदारी' इथेही एक बारीक घसरण आहे. 'ज्यांची' म्हणून मान दिला आणि 'त्याची' म्हणून लगेच काढून घेतला. तुम्हाला कदाचित 'त्या गोष्टीची' म्हणायचं असेल, पण रागावलेला माणूस तसं वाचत नाही. 'ज्यांची'ला जोडी 'त्यांची'.

आता शब्दांच्या मधल्या भागाकडे. शेपटं जुळली तरी दोन ठिकाणी जुना सूर लपून राहतो. एक म्हणजे 'मधल्या' आणि 'मधील'. 'पार्किंगमधल्या गाड्या', 'मजल्यावरच्या घरांना' हे बोलण्यातलं. 'पार्किंगमधील गाड्या', 'मजल्यावरील घरांना' हे नोटिशीतलं. दुसरं म्हणजे 'झालं' आणि 'झाले', 'कळवण्यात' आणि 'कळविण्यात'. पाठविले, पाठवले, पाठवलं असा हा उतार आहे. १९६२च्या लेखननियमांत मराठी साहित्य महामंडळाने 'असं केलं, मी म्हटलं' ही अनुस्वाराची रूपं कुणाचं बोलणं लिहिताना चालतील असं ठेवलं, आणि एरवी 'असे केले, मी म्हटले' लिहावं असं सांगितलं. तेव्हापासून वापर बराच पुढे गेलाय. मी हे सदर पहिल्यापासून 'केलं'मध्ये लिहितो, कारण ते तुमच्याशी बोलणं आहे. पण नियमामागचा कान अजून शाबूत आहे: 'कळविण्यात' वाचलेल्या डोळ्याला चार ओळींनी 'झालं' दिसलं की त्याला आवाज बदललेला कळतो. कुठलं रूप घ्यायचं ते तुमच्या मर्जीवर, पण पहिल्या ओळीत घेतलेलं शेवटपर्यंत न्या.

पार्किंग, चार्ज, मोबाइल यांना मात्र हात लावू नका. सूर बिघडला की लोक आधी इंग्रजी शब्दांच्या मागे लागतात, पार्किंगचं वाहनतळ करतात, आणि 'ठेव' तसाच राहतो. पार्किंग हा शब्द मालकापासून वॉचमनपर्यंत सगळे म्हणतात, तो कुठल्याच पायरीवर अडत नाही. 'लाइट जाऊ शकते' हे थोडं घरगुती आहे खरं, पण म्हणून 'वीजपुरवठा खंडित होण्याची शक्यता' लिहायची गरज नाही. 'वीज जाऊ शकते' म्हटलं की पुरे.

ना, हं आणि आपला सांगलीकडचा 'की' यांच्याबद्दल माझं मत पक्कं आहे: सूचनेत नकोत. 'बसा की', 'या की' म्हणताना त्या 'की'त आग्रह असतो, माया असते, पण ती सगळी आवाजात असते. तेच अक्षरात उतरवलं, 'गाड्या हलवा की', तर वैताग ऐकू येतो. तुमचा 'ना' तसाच फसला. तुम्ही आठवण करून दिलीत, वाचणाऱ्यांना टोमणा लागला. ज्यांच्या घरात २०१९ला पाणी शिरलं होतं त्यांना 'मागच्या वेळी काय झालं माहितीये ना' हे फारच लागलं असेल. ते वाक्य सुधारायचं नाही, काढायचं.

आता निवड कुठली करायची? ग्रुपवरच्या पुराच्या सूचनेला मी 'हलवा, ठेवा, करा' हीच पायरी देईन. ती मानाची आहे, छोटी आहे, आणि कुणी काय करायचं ते सरळ सांगते. 'गाड्या हलविण्यात याव्यात' वाचून प्रत्येकाला वाटू शकतं की कुणीतरी हलवेल. तुमचाच मेसेज, त्या पायरीवर:

'सभासदांनो, आयर्विन पुलाजवळ पाणी ३८ फुटांवर आलं आहे. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे. पार्किंगमधल्या गाड्या आज रात्री ९ वाजेपर्यंत हलवा. ज्यांची गाडी राहील त्यांनाच तिची जबाबदारी घ्यावी लागेल. वीज जाऊ शकते, म्हणून मोबाइल आत्ताच चार्ज करून ठेवा. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांनो, तळमजल्यावरच्या घरांना सामान हलवायला मदत करा. अडचण असेल तर मला फोन करा. – सचिव'

शेपटं वाचा: आहे, आहे, हलवा, लागेल, ठेवा, करा, करा. समोर एकच माणूस आहे. 'घ्यावी लागेल' पाहून दचकू नका, तिथला 'घ्यावी' विनंतीचा नाही, सक्तीचा आहे; 'लागेल' बरोबर आला की तो घरातही असाच येतो, 'तुला यावं लागेल'. 'रात्रीपर्यंत'च्या जागी ९ वाजले, आणि दोन्ही पातळ्यांचे आकडे आले. तुम्ही 'खबरदारी घ्यावी' आणि 'सहकार्य अपेक्षित' लिहून जो गंभीरपणा आणायला गेलात, तो या आकड्यांनी आणला. माझा अनुभव आहे की माणूस आपल्या म्हणण्याला वजन नाही असं वाटलं की नोटिशीची भाषा उसनी आणतो. वेळ आणि आकडा लिहिला की ती उसनवारी लागत नाही.

जिन्याखालच्या फलकावर लावायचा कागद असेल तर तो 'वे'च्या पायरीवर शोभेल: 'सर्व सभासदांनी पार्किंगमधील गाड्या आज रात्री ९ वाजेपर्यंत हलवाव्यात. मोबाइल चार्ज करून ठेवावेत. वरच्या मजल्यांवरील सभासदांनी तळमजल्यावरील घरांना सामान हलविण्यास मदत करावी.' इथे 'मधील', 'वरील', 'हलविण्यास' सगळं एका जातीचं झालं आहे. फलकावरचा हा कागद फोटो काढून ग्रुपवर टाकला तरी चालेल. त्यातली दोन वाक्यं उचलून वरच्या मेसेजमध्ये मिसळू नका, एवढंच.

प्रशासनाच्या निवेदनाचंही तसंच. 'कोयना धरणातून विसर्ग वाढविण्यात येत आहे' ही त्यांची भाषा आहे, ती तशीच राहू द्या. वर 'प्रशासनाचं निवेदन' असं लिहा, खाली एक ओळ सोडा, मग तुमचं सुरू करा. ओळ सोडली की वाचणाऱ्याला बोलणारा बदलल्याचं कळतं.

तुम्हाला वाटेल, म्हणजे मायेचं एक वाक्यही लिहायचं नाही का? लिहायचं. लग्नपत्रिका आठवा. वर 'आपण सहकुटुंब उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत', आणि खाली कोपऱ्यात, 'माझ्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' एका कागदावर इतक्या लांबचे दोन सूर, आणि कुणाला खटकत नाही. कारण खालच्या ओळीला स्वतःचा कोपरा आहे आणि स्वतःचं नाव आहे, चिंटू किंवा परी. हं कुणी म्हटलं ते स्पष्ट आहे. एकदा आमच्याकडे जुळणी करताना ती ओळ सरकून आजोबांच्या नावाच्या वर गेली. प्रुफात मी ती पाहिली, पण माझी नजर स्पेलिंगवर होती, आणि दोनशे पत्रिका तशाच छापल्या गेल्या. आजोबा सगळ्यांना 'यायचं हं' म्हणत होते. शब्द तेच, एक इंच वर सरकले. पत्रिका आम्ही पदरचा कागद घालून पुन्हा छापल्या, आणि त्या दिवसापासून मी शेपटं वेगळी वाचायला लागलो.

तेव्हा मायेचं वाक्य दुसऱ्या मेसेजमध्ये टाका. सूचना गेल्यावर दोन मिनिटांनी: 'तळमजल्यावर काही उचलायचं असेल तर मी आणि मुलगा आहोत, हाक मारा.' किंवा ज्यांना म्हणायचं त्यांना वेगळं.

तपासायचा क्रम घाईतही जमेल असा आहे. शेपटं वाचा. समोर दोन माणसं दिसली तर एक ठेवा. मग ज्या वाक्याचं शेपूट बदललं त्याचं तोंड बघा, 'नी' हवा की नको. शेवटी एकदा मेसेज पुटपुटत वाचा, पण इमारतीतल्या सगळ्यांत वयस्कर माणसाचा चेहरा समोर आणून. तुमच्या बाबतीत ते काका. 'काका, मोबाइल चार्ज करून ठेव' हे तोंडातून निघणारच नाही, जीभ स्वतःच अडेल. जिथे उचललेलं वाक्य असेल तिथे हे जरूर करा, कारण उचललेली ओळ आपल्याला ओळखीची असते आणि डोळा तिच्यावरून घसरतो.

काकांना मेसेज करू नका, वर जा. 'काका, ती ओळ मुलाला लिहिलेली होती, तुमच्याकडे तशीच गेली, माझं चुकलं' एवढं म्हणा. आणि सुधारलेला मेसेज फोनमध्ये जपून ठेवा, फूट आणि वेळेची जागा मोकळी सोडून. कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आली की त्या दोन जागा भरायच्या, शेपटांवरून एकदा नजर फिरवायची आणि पाठवायचा.